सेकंडहँड टेक्स्टबुकची जाहिरात कोर्सच्या नावाने सापडेल अशी कशी लिहायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांसाठी हे लिहिलंय. खाली बहुतेक उदाहरणं मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर आणि आयटी ब्रँचची आहेत आणि एकच पुस्तक शेवटपर्यंत धरलंय, सेकंड इयरचं ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘गॅल्विन’ म्हणतात ते. एका पुस्तकाची जाहिरात नीट जमली की बाकीची आपोआप जमतात.

मी कव्हरवर आहे तसंच नाव टाकलंय, तरी एक मेसेज नाही. असं का?

कारण शोधणाऱ्या मुलाला पुस्तकाचं नाव माहीतच नसतं. त्याच्याकडे असतं टाइमटेबल, आणि टाइमटेबलवर असतं सब्जेक्टचं नाव. सेम सुरू होऊन आठवडा झालेला असतो, सरांनी फळ्यावर दोन ऑथर लिहिलेले असतात, त्यातलं एकाचं स्पेलिंग त्याने चुकीचं उतरवलेलं असतं, आणि तो घरी येऊन सर्चमध्ये सब्जेक्ट टाकतो.

यातलं सगळ्यात फसवं उदाहरण म्हणजे फर्स्ट इयरचं ड्रॉइंग. एन. डी. भट्ट यांच्या पुस्तकावर ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ असं लिहिलंय, पण सी-स्कीममध्ये सब्जेक्टचं नाव आहे ‘इंजिनिअरिंग ग्राफिक्स’. आता फर्स्ट इयरची मुलगी ‘ग्राफिक्स’ शोधते तेव्हा तिला भट्ट दिसतच नाही, उलट सेकंड इयरच्या ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ची पुस्तकं दिसतात, ज्यांचा ड्रॉइंग शीटशी काही संबंध नाही. पुस्तक बरोबर, किंमत बरोबर, घर दोन स्टेशनवर, आणि तरी भेट होत नाही, फक्त एक शब्द नाही म्हणून. टायटलमध्ये ‘इंजिनिअरिंग ग्राफिक्स’ आणि ‘ड्रॉइंग’ दोन्ही लिहा, काम झालं.

मग टायटलमध्ये काय लिहायचं, आणि कुठल्या क्रमाने?

आधी कोर्सचं नाव पूर्ण, लगेच त्याचा शॉर्टफॉर्म, मग वर्ष आणि ब्रँच, मग ऑथर, एडिशन आणि शेवटी एरिया. इंग्लिशमध्येच टाइप करा कारण सर्चमध्ये पोरं इंग्लिशमध्येच टाइप करतात. आपल्या उदाहरणाचं टायटल असं होईल:

```
Operating System OS - SE Comp / IT - Galvin 9th edition - Airoli
```

क्रम महत्त्वाचा आहे कारण मोबाइलवर टायटल अर्ध्यात कापलं जातं. ‘अर्जंट सेल’, ‘एकदम मस्त कंडिशन’ असले शब्द पुढे टाकले की नेमका सब्जेक्टच दिसेनासा होतो, आणि असं कोणी शोधतही नाही.

शॉर्टफॉर्म हवाच. ‘ओएस’, ‘डीबीएमएस’, ‘एम थ्री’ असंच सगळे बोलतात आणि तसंच टाइप करतात. पण नुसता शॉर्टफॉर्म पण नको, सर्चला दोन अक्षरांवरून नीट काही सापडत नाही.

सेम नंबर आणि कोर्स कोड टायटलमध्ये का नाही टाकला?

टाका की, पण डिस्क्रिप्शनमध्ये आणि स्कीमचं नाव जोडून. स्कीमशिवाय सेम नंबर उलट गोंधळ करतो. सी-स्कीममध्ये ओएस कॉम्प्युटरला CSC404 आणि आयटीला ITC403, दोघांना सेम फोरलाच. पण डीबीएमएस बघा, कॉम्प्युटरला ते सेम फोरला CSC403 आणि आयटीला सेम थ्रीला ITC303. म्हणजे कॉम्प्सच्या मुलाने ‘सेम ४’ एवढंच लिहून डीबीएमएसचं पुस्तक टाकलं तर आयटीची मुलं ते बघून पुढे जाणार, पुस्तक मात्र दोघांना तेच लागतं.

त्यात २०२४-२५ पासून फर्स्ट इयरला एनईपीची स्कीम लागू झाली आणि ती दर वर्षी एकेक इयर वर सरकतेय, त्यामुळे कोड पुन्हा बदलले. जुना कोड काढून टाकायची गरज नाही कारण केटीवाले तोच कोड शोधतात. नवीन कोड हवा असेल तर आपल्या ब्रँचची युनिव्हर्सिटीची सिलॅबस पीडीएफ उघडा आणि तिथून जसाच्या तसा उचला, मित्राला विचारून टाकू नका. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर कोड कॉलेजचे स्वतःचे असतात, मग ‘ऑटोनॉमस’ असं स्पष्ट लिहा आणि कोर्सचं पूर्ण नाव तर नक्कीच लिहा, कारण बाहेरच्या मुलाला तुमचा कोड काहीच सांगत नाही.

सब्जेक्टचं नावच बदललं असेल तर जुनं लिहायचं की नवीन?

दोन्ही. २०१६ च्या स्कीममध्ये ‘अप्लाइड मॅथेमॅटिक्स’ होतं, २०१९ च्या सी-स्कीममध्ये त्याचं ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ झालं. ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग अप्रोच’ म्हणजे एसपीए होतं, त्याचं सरळ ‘सी प्रोग्रॅमिंग’ झालं. सीनियर अजून ‘एसपीएचं पुस्तक घे’ असं सांगतात, ज्युनिअरच्या टाइमटेबलवर तो शब्दच नसतो. डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ ‘जुनं नाव अमुक’ अशी टाकली की दोघंही तुमच्यापर्यंत येतात.

मात्र संबंध नसलेले सब्जेक्ट चिकटवू नका. गॅल्विनला ‘गेट’ हा शब्द जोडला तर तो खरा आहे, गेटच्या सीएस पेपरला ओएस आहेच. पण त्याच जाहिरातीत ‘मायक्रोप्रोसेसर’, ‘कॉम्प्युटर नेटवर्क’ लिहून ठेवलं तर भलतीच मुलं मेसेज करतात आणि उत्तरं देता देता तुम्हीच कंटाळता.

एडिशन कुठे लिहिलेली असते? माझ्या पुस्तकावर तीन वेगवेगळी वर्षं आहेत.

कव्हर बघा, मग आतलं टायटल पेज, आणि मग ते पान उलटून मागचं बारीक अक्षरातलं पान, ज्याला कॉपीराइट पेज म्हणतात. खरी माहिती तिथे असते. तिथे दिसणारी वर्षं बहुतेक वेळा रीप्रिंटची असतात. ‘रीप्रिंट २०१९’ म्हणजे तेच पुस्तक पुन्हा छापलं, आतला मजकूर तोच. एडिशन बदलली म्हणजे मजकूर बदलला. खूप जण ‘२०१९ एडिशन’ असं टाकतात आणि घेणारा नवीन समजून घेऊन जातो, मग घरी जाऊन वाद. म्हणून जाहिरातीत ‘नववी एडिशन, रीप्रिंट अमुक साल’ असं दोन्ही वेगळं लिहा. कुठेकुठे नुसती आकड्यांची एक ओळ असते, १० ९ ८ ७ ६ अशी, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई ते, त्याला एडिशन समजू नका.

त्याच पानावर आयएसबीएन असतो, तो पण जाहिरातीत टाका. नवीन एडिशनला नवीन आयएसबीएन मिळतो आणि साध्या रीप्रिंटला तोच राहतो, त्यामुळे घेणाऱ्याला दुसरं काहीही न विचारता खात्री करता येते. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकड्यांचा असतो, त्यानंतर १३ आकड्यांचा. मधल्या रेघा काढून सलग टाइप केला तर सर्चला सोपं जातं.

जुनी एडिशन चालते का? हे तर सगळेच विचारतात.

पुस्तक कुठल्या जातीचं आहे त्यावर अवलंबून, आणि ही गोष्ट विकणाऱ्याने जाहिरातीतच सांगून टाकली पाहिजे.

गॅल्विनचंच बघा. नववी एडिशन आणि २०१८ ला आलेली दहावी, दोन्हीत प्रोसेस, शेड्युलिंग, डेडलॉक, पेजिंग सगळं आहे. पण चॅप्टर हलले. नववीत सिंक्रोनायझेशन पाचवा आणि सीपीयू शेड्युलिंग सहावा चॅप्टर आहे, दहावीत शेड्युलिंग पाचवर आलं आणि सिंक्रोनायझेशनचे दोन चॅप्टर झाले, सहावा आणि सातवा. त्यामुळे डेडलॉक जो नववीत सातवा होता तो दहावीत आठवा, मेन मेमरी आठची नऊ, व्हर्च्युअल मेमरी नऊची दहा. आता क्लासमध्ये सर म्हणाले ‘सातव्या चॅप्टरचे एक्सरसाइज करून आणा’ आणि सरांच्या हातात नववी आहे, तर त्यांना डेडलॉक हवाय, आणि दहावीवाला मुलगा सिंक्रोनायझेशनची उदाहरणं सोडवून येणार. शेवटच्या केस स्टडीमध्येही फरक आहे, नववीत विंडोज ७ आणि दहावीत विंडोज १०.

युनिव्हर्सिटीच्या पेपरसाठी राउंड रॉबिनचं गणित आणि बँकर्स अल्गोरिदम नववीतून केलं काय नि दहावीतून केलं काय, उत्तर तेच येतं. म्हणून अशा रेफरन्स बुकला एक एडिशन मागे असणं हा फारसा दोष नाही, आणि मी तर ज्युनिअर्सना सरळ सांगते की स्वस्त मिळत असेल तर नववीच घ्या, फक्त चॅप्टर नंबरवर न जाता चॅप्टरच्या नावावर जा. विकणाऱ्याने एवढी एकच ओळ जाहिरातीत टाकली तरी घेणाऱ्याची अर्धी शंका जाते.

लोकल ऑथरच्या पुस्तकाचं काय?

त्याचं गणित उलटं असतं. लोकल ऑथरचं पुस्तक मुळात सिलॅबसच्या मॉड्यूलप्रमाणे बनवलेलं असतं, मॉड्यूल एक ते सहा, मागे युनिव्हर्सिटीचे प्रश्न. स्कीम बदलली की मॉड्यूल इकडचे तिकडे होतात, काही टॉपिक जातात, काही नवीन येतात, आणि पुस्तक नवंकोरं असलं तरी रेग्युलर मुलाच्या उपयोगाचं कमीच उरतं. इथे एडिशनपेक्षा स्कीम जास्त महत्त्वाची, ती टायटलमध्येच लिहा, ‘सी-स्कीम’ किंवा ‘एनईपी’. ‘लेटेस्ट’ लिहू नका, दोन वर्षांपूर्वी लेटेस्ट होतं ते आज नसतं.

जुन्या स्कीमचं असेल तर रद्दीत घालायच्या आधी केटीवाल्यांसाठी टाका. ज्याला जुन्या स्कीमने पेपर द्यायचाय त्याला दुकानात ते पुस्तक मिळत नाही, आणि तो खरंच कासावीस होऊन शोधत असतो. टायटलमध्ये ‘केटी’ हा शब्द असू द्या, इंग्लिशमध्ये, KT.

ऑथरचं नाव पूर्ण लिहायचं का? कव्हरवर तीन नावं आहेत.

तिन्ही लिहा, पण डिस्क्रिप्शनमध्ये. टायटलमध्ये ज्या नावाने पुस्तक ओळखतात ते. गंमत बघा, ओएसच्या पुस्तकाचे ऑथर सिल्बरशॅट्झ, गॅल्विन, गॅग्ने, आणि डीबीएमएसच्या पुस्तकाचे सिल्बरशॅट्झ, कोर्थ, सुदर्शन. पहिलं नाव दोन्हीकडे एकच! म्हणून नुसतं ‘सिल्बरशॅट्झचं पुस्तक’ लिहिलं तर कुठलं ते कळत नाही, आणि मुलांनी आपोआप दुसरं नाव पकडलंय, एक गॅल्विन आणि एक कोर्थ. (सुदर्शन सर आपल्या पवईच्या आयआयटीतले आहेत, हे खूप जणांना माहीत नसतं.) टॅननबॉमचं तसंच, ओएसवर पण पुस्तक आहे आणि नेटवर्कवर पण. आडनावाबरोबर सब्जेक्ट नसेल तर आडनावाचा काही उपयोग नाही.

स्पेलिंग कव्हर बघून टाइप करा, आठवणीने नको.

कंडिशन कशी लिहायची? ‘गुड कंडिशन’ पुरे नाही का?

नाही पुरत, कारण तुमचं गुड आणि माझं गुड वेगळं. जे डोळ्यांना दिसतं ते लिहा. किती चॅप्टरमध्ये अंडरलाइन आहे, पेन्सिलने की पेनने की हायलायटरने. गणितं पुस्तकातच सोडवली आहेत का, हे मॅथ्सच्या पुस्तकाला फार महत्त्वाचं, कारण उत्तर शेजारीच लिहिलेलं असेल तर प्रॅक्टिस होत नाही. कव्हर वाकलंय, फाटलंय, टेप लावलीय, सगळं.

बाइंडिंग वेगळं तपासा. जाडजूड पुस्तक साधारण मधोमध उघडून टेबलावर ठेवा, पाठीच्या आत गोंद तडकलेला दिसला तर पानं सुटायला सुरुवात झाली समजा. आणि पान गेलं असेल तर शिलाईच्या बाइंडिंगमध्ये सहसा एकटं जात नाही, फर्माच्या फर्मा निसटतो, म्हणजे सलग आठ-सोळा पानांचा गठ्ठा. म्हणून नुसतं चाळून कळत नाही, पान नंबर बघत जा, विशेषतः पुस्तक जिथे जास्त उघडलं जातं तिथे. ओएसमध्ये ती जागा शेड्युलिंग आणि डेडलॉकची, जिथून गणितं येतात. नेमके तेच पान नंबर तपासून ‘सगळी पानं आहेत’ असं लिहिता आलं तर घेणारा निर्धास्त येतो.

पावसाळ्यात पुस्तक भिजलं होतं, आता सुकलंय. सांगायला हवं का?

हो, सांगाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ट्रेनमधून नेलेल्या बॅगेतलं पुस्तक ओलं होणं रोजचंच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण सुकलेलं पुस्तक दोन प्रकारचं असतं. एक नुसतं लाटा आलेलं, पानं वेडीवाकडी पण स्वच्छ. ते वाचायला काही अडचण नाही, किंमत थोडी कमी करा आणि विका. दुसरं बुरशी धरलेलं, पानांच्या कडेला काळे-हिरवट ठिपके आणि उघडलं की कुबट वास. ते विकू नका, घेणाऱ्याच्या कपाटातली बाकीची पुस्तकं पण त्याने खराब होतात, शिवाय दमा असलेल्या मुलाला त्रास होतो तो वेगळाच. आणि गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं ओली झाल्यावर एकमेकांना चिकटतात, ती सोडवताना छपाई निघते, तर तेही बघून घ्या.

फोटो किती आणि कशाचे?

कव्हर, पुस्तकाची पाठ, कॉपीराइट पेज, सगळ्यात खराब पान, आणि पुस्तक मिटून वरून दिसणाऱ्या पानांच्या कडा. कडांचा फोटो कोणी टाकत नाही पण ओल, बुरशी, पिवळेपणा सगळं तिथेच दिसतं. पहिल्या पानावर तुमचं नाव, रोल नंबर, फोन नंबर लिहिलेला असेल तर तो फोटोत येऊ देऊ नका.

पूर्ण जाहिरात कशी दिसेल?

डिस्क्रिप्शन साधारण असं:

```
Subject: Operating System (OS)
C-scheme: Comp CSC404 / IT ITC403, Sem 4. GATE CS sathi pan.
Book: Operating System Concepts, 9th edition
Authors: Silberschatz, Galvin, Gagne
Note: 10th edition peksha chapter number vegle, topics tech
Condition: Scheduling ani Deadlocks madhe pencil underline,
baki clean. Sagli pane aahet. Cover cha ek kopra vakla aahe.
Pickup: Airoli station
```

आयएसबीएन आणि रीप्रिंटचं साल आपल्या प्रतीवरून बघून त्यात भरा. मराठी इंग्लिश अक्षरात लिहिलं तरी चालतं, फक्त सब्जेक्ट, पुस्तक आणि ऑथर यांची ओळ स्वच्छ इंग्लिशमध्ये पाहिजे.

किंमत किती लावायची?

मागच्या कव्हरवरच्या एमआरपीवरून काढू नका, आज नवीन पुस्तक किती रुपयांना मिळतंय त्यावरून काढा. समजा एमआरपी ९०० आहे आणि नवीन कोरं ६५० ला मिळतंय. तुम्ही एमआरपीचे अर्धे धरून ४५० मागितले तर घेणारा म्हणणार २०० टाकतो आणि नवीनच घेतो. ६५० च्या अर्ध्यावर, म्हणजे ३२५ च्या आसपास ठेवलं तर हलतं. पेनची अंडरलाइन जास्त असेल तर अजून थोडं खाली. वेळही बघा, इव्हन सेमचं पुस्तक डिसेंबर-जानेवारीत विचारलं जातं, जूनमध्ये तेच पुस्तक अर्ध्या किमतीतही पडून राहतं.

पूर्ण सेमचा सेट एकत्र टाकू का? वेगवेगळं टाकायचा कंटाळा येतो.

सेट टाका, पण प्रत्येक सब्जेक्टची वेगळी जाहिरात पण टाका. ‘सेम फोर सगळी पुस्तकं’ असं टायटल असेल तर ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ शोधणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बहुतेकांना एक-दोनच पुस्तकं हवी असतात, बाकीची त्यांच्याकडे असतात किंवा लायब्ररीतून घेतलेली असतात. प्रत्येक जाहिरातीत खाली ‘याच सेमची बाकीची पण आहेत’ एवढी ओळ टाकली की ज्याला सेट हवा तो विचारतो.

माझ्याकडे पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स आहे, स्पायरल केलेली. ती विकता येईल?

नाही. विकत घेतलेली मूळ प्रत पुढे विकणं वेगळं आणि अख्ख्या पुस्तकाची कॉपी काढून विकणं वेगळं. फुटपाथवर मिळणाऱ्या नकली छपाईचंही तेच. ती ओळखायला सोपी असते, कागद पातळ आणि मागची अक्षरं पुढे दिसतात, आकृत्यांमधल्या बारीक रेघा भरलेल्या, कव्हरचा रंग फिका. ओएसमध्ये गँट चार्टचे आकडेच वाचता येत नाहीत मग.

पुस्तकावर कॉलेज लायब्ररीचा शिक्का आहे.

मग ते आधी लायब्ररीला परत करा. लायब्ररीने स्वतः बाद करून विकलेलं असेल तर त्यावर तसा शिक्का असतो, त्याचा फोटो जाहिरातीत टाका, नाहीतर घेणारा नको त्या शंका काढतो. बुक बँकेची पुस्तकं सेम संपली की परत द्यायचीच असतात, ती कधीच टाकू नका.

इंजिनिअरिंग नाही, लॉला आहे. हेच लागू होतं का?

कोर्सचं नाव आधी हे लागू होतंच, पण तिथे एडिशनपेक्षा कायदा कुठला ते आधी लिहा. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टही बदलले, त्यामुळे त्याआधीचं क्रिमिनल लॉचं पुस्तक कलमांच्या नंबरसाठी चालत नाही. इन्कम टॅक्सच्या पुस्तकाला तर ते कुठल्या वर्षासाठीचं आहे ते लिहिल्याशिवाय जाहिरात टाकूच नका.

भेटायचं कुठे? आणि पैसे?

ट्रान्स-हार्बरच्या स्टेशनवर, तिकीट खिडकीपाशी, दिवसा. ठाण्याला गर्दीच्या वेळी नको, पुस्तक उघडून बघायलाच जागा मिळत नाही, ऐरोली किंवा घणसोली बरं पडतं. घेणाऱ्याने पुस्तक हातात घेऊन कॉपीराइट पेज आणि पान नंबर बघावेत, मग पैसे द्यावेत. ॲडव्हान्स कोणी मागू नये आणि कोणी देऊ नये. आणि विकणाऱ्यांनो, पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही, कोणी ‘हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील’ म्हणालं तर तिथेच बोलणं बंद करा.

विकलं गेलं, आता जाहिरात राहू दे का?

त्याच दिवशी काढा किंवा टायटलच्या सुरुवातीला ‘SOLD’ लिहा. सेमच्या सुरुवातीला एकेक मुलगा दहा-दहा जणांना मेसेज करत असतो आणि निम्मे म्हणतात ‘अरे ते तर कधीच गेलं’.